कॉफीचं बी ते कपातली कॉफी: वर्गातल्या पाच मिनिटांच्या भाषणाची पायरीपायरीने तयारी

‘बी पेरतात, झाड येतं, लाल फळं लागतात, ती तोडून भाजतात, दळतात आणि कॉफी तयार होते.’ कॉफीवरची शाळेतली बहुतेक भाषणं अशीच जातात. ऐकणाऱ्या मुलांना वाटतं, लाल फळ थेट कढईत पडतं. ‘तोडतात’ आणि ‘भाजतात’ या दोन शब्दांच्या मधली काही आठवड्यांची कामं भाषणात येतच नाहीत. आली तरी त्यांचा क्रम चुकतो: आधी सोलतात की आधी वाळवतात, धुतात कधी, आंबवतात कशाला.

हा लेख भाषण करणाऱ्या मुलीसाठी आहे, म्हणून तिच्याशीच बोलतो. घरातल्या मोठ्यांनी तालीम घेताना सोबत वाचला तर उत्तम.

## १. आधी भाषणाचा कणा ठरव

कॉफीच्या पिकलेल्या फळात साधारणपणे दोन बिया असतात. त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात. बाहेरून आत गेलं की बीवर पाच आवरणं सापडतात: वरची साल, तिच्याखाली पातळ गर, मग बीला घट्ट धरून बसलेला बुळबुळीत थर, त्याच्या आत कागदासारखं कडक टरफल, आणि सगळ्यात आत बीला चिकटलेला तलम पापुद्रा.

पूर्ण भाषण एका प्रश्नावर उभं कर: या पायरीला बीवरून काय उतरलं? साल आणि गर फळ सोलताना जातात. बुळबुळीत थर आंबवून आणि धुऊन जातो. टरफल वाळवल्यानंतर फोडतात. पापुद्रा बहुतांशी भाजताना सुटतो. सगळी आवरणं गेल्यावर बी स्वतः बदलतं, आणि शेवटी त्या बीमधलंच थोडं काही पाण्यात उतरतं. हा प्रश्न हाताशी असला की क्रम पाठ करावा लागत नाही, कारण आतलं आवरण बाहेरच्याच्या आधी निघूच शकत नाही.

फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर फळाचा उभा छेद काढ, पाचही थर वेगवेगळ्या रंगांत. बोलताना एकेका थरावर फुली मारत जा.

तपासून घे: कागद न बघता पाच थर बाहेरून आत सांगता येतात का? येत नसतील तर पुढची तयारी थांबव आणि आधी हे पक्कं कर.

## २. सामान आणि वेळ

सामान थोडंच लागतं: मूठभर कच्च्या हिरव्या बिया, मूठभर भाजलेल्या अख्ख्या बिया, दोन चमचे कॉफीची भरड, चार पारदर्शक ग्लास आणि गार पाणी. कच्च्या बिया कॉफी भाजून विकणाऱ्यांकडे मिळू शकतात. नाहीच मिळाल्या तर चित्रावर काम भागव. त्यांच्या जागी दुसरं कुठलं बी दाखवू नकोस, मुलांच्या डोक्यात तेच राहतं.

भरड घेताना दोन गोष्टी बघ. ती झटपट विरघळणारी कॉफी नको, कारण ती आधीच उकळून, गाळून, वाळवलेला अर्क असते. पाण्यात टाकली की पूर्ण विरघळते, चोथा उरत नाही, आणि तुझा प्रयोग भलतंच काही सांगतो. दुसरं म्हणजे चिकोरी मिसळलेली नको. चिकोरी पाण्याला फार लवकर रंग देते, त्यामुळे दिसलेला रंग कॉफीचा होता असं म्हणता येत नाही.

वेळेची वाटणी अशी कर. बी ते फळ पाऊण मिनिट, फळ ते वाळलेलं बी दीड मिनिट, भाजणं एक मिनिट, दळणं आणि कप सव्वा मिनिट. उरलेलं अर्धं मिनिट प्रयोग दाखवताना जातंच. वर्गात ऐकू जाईल अशा सावकाश बोलण्यात पाच मिनिटांत पाचशे शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत, त्यामुळे मजकूर त्याहून मोठा लिहूच नकोस.

सावधान: वर्गात उकळतं पाणी नको, शेगडी नको, कोणाला चव देणंही नको. कच्ची बी फार कडक असते, ती कोणी चावून बघणार नाही याकडे लक्ष ठेव. वास घ्यायला मात्र दोन्ही वाट्या फिरव. कच्च्या बीला कॉफीचा वास येतच नाही, गवतासारखा येतो, आणि हे मुलांना स्वतःच्या नाकाने कळलेलं चांगलं.

## ३. बी ते फळ: इथे रेंगाळू नकोस

हा भाग सोपा वाटतो म्हणून मुली यातच दोन-अडीच मिनिटं घालवतात. चार गोष्टी पुरेत.

पेरायचं बी टरफलासकट पेरतात. कोंब यायला एक ते दोन महिने लागतात, आणि कोंब वर येताना बीला डोक्यावर घेऊनच मातीबाहेर येतो. रोप काही महिने रोपवाटिकेत वाढवून मग शेतात लावतात. पहिली फळं यायला साधारण तीन-चार वर्षं जातात. पांढरी सुवासिक फुलं येतात, काही दिवसांतच गळतात, आणि त्यानंतर फळ पिकायला अरेबिका जातीत साधारण सात ते नऊ महिने लागतात. रोबस्टाला आणखी थोडा वेळ लागतो.

इथली नेहमीची चूक बारीक आहे, पण पूर्ण गोष्ट बिघडवते. ‘आपण एक बी पेरलं… आता ते बी भाजूया,’ असं बोललं जातं. पेरलेलं बी तर झाड होऊन गेलं. भाजायचं ते त्या झाडाच्या फळातलं नवं बी. म्हणून या भागाचं शेवटचं वाक्य ठरवून ठेव:

> ‘पेरलेल्या एका बीचं झाड झालं. आता त्या झाडावर शेकडो फळं आहेत आणि प्रत्येकात बहुतेक दोन नव्या बिया. यापुढे मी या नव्या बियांबद्दल बोलणार आहे.’

## ४. फळ ते वाळलेलं बी: भाषणाचा खरा भाग

तोडणी. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळं एकत्र असतात. कच्च्या फळातली बी पुढे कितीही नीट भाजली तरी चव तुरट आणि पोकळ लागते. म्हणून चांगल्या बागेत पिकलेली फळंच वेचतात आणि त्याच झाडाकडे काही दिवसांनी परत येतात. सगळी फांदी एकदम ओरबाडण्याची पद्धतही आहे. मग निवडण्याचं काम नंतर करावं लागतं.

एकच पद्धत निवड. इथून पुढे दोन मुख्य वाटा आहेत. ओल्या पद्धतीत फळ सोलून, आंबवून, धुऊन मग बी वाळवतात. सुक्या पद्धतीत अख्खं फळ तसंच उन्हात दोन ते चार आठवडे वाळवतात आणि वाळलेली सगळी आवरणं शेवटी एकदमच फोडून काढतात. भाषणात ओली पद्धत सांग, कारण तिच्यात एकेक थर वेगळा निघताना दिसतो. सुक्या पद्धतीला एक वाक्य दे आणि पुढे जा. दोन्ही मिसळल्या की ‘फळं वाळवली, मग सोलली, मग धुतली, मग पुन्हा वाळवली’ असलं काही तयार होतं, जे प्रत्यक्षात कुठेच होत नाही.

सोलणं. वेचलेली फळं आधी पाण्यात टाकतात. पोकळ आणि किडकी फळं वर तरंगतात, ती बाजूला काढतात. मग यंत्रात फळ दाबलं जातं आणि बिया बाहेर निसटतात. पहिले दोन थर गेले, चित्रावर दोन फुल्या मार.

आंबवणं आणि धुणं. सोललेलं बी हातात घेतलं तर बोटांतून सटकतं, इतका तो उरलेला थर बुळबुळीत असतो. नुसत्या पाण्याने तो सहज निघत नाही. म्हणून बिया टाकीत साधारण १२ ते ३६ तास ठेवतात. सूक्ष्मजीव आणि फळातलीच विकरं त्या थराला धरून ठेवणारं पेक्टिन मोडतात, आणि मग तो थर धुऊन जातो. किती तास ठेवायचं हे हवेच्या उष्णतेवर ठरतं, उकाड्यात काम लवकर होतं. झालं की नाही हे हाताने कळतं. मूठभर बिया पाण्यात चोळल्यावर बुळबुळीतपणा जाऊन त्या खरखरीत लागल्या पाहिजेत. वेळ जास्त झाला तर बीला आंबूस, कुबट वास लागतो आणि तो कपापर्यंत पोचतो.

मुलं इथे हमखास विचारतात की कुजवतात का. उत्तर भाषणातच देऊन टाक:

> ‘बी कुजवत नाहीत. बीवरचा चिकट थर सुटावा म्हणून त्याला ठरावीक तास आंबू देतात आणि लगेच स्वच्छ धुतात.’

वाळवणं. धुतलेल्या बीच्या वजनाचा साधारण अर्धा भाग पाणीच असतं. ते १० ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत बी वाळवतात. उन्हात पातळ पसरून, दिवसातून अनेकदा हलवून, याला एक ते दोन आठवडे लागतात. ओल राहिली तर साठवणीत बुरशी धरते. फार वाळलं तर बी ठिसूळ होऊन पुढच्या पायरीला तुटतं. रात्री आणि पाऊस आला की बिया झाकून ठेवतात.

टरफल फोडणं. हे नेहमी वाळवल्यानंतरच होतं, आधी नाही. वाळल्यावर बी आत आक्रसतं, टरफल सुटं होतं, आणि यंत्रात ते फोडून वेगळं करता येतं. शिवाय टरफल असेपर्यंत बी सुरक्षित राहतं, म्हणून पुष्कळदा माल रवाना करायच्या थोडं आधीच ते काढतात. मग आकाराप्रमाणे चाळतात आणि डागी, तुटक्या बिया निवडून टाकतात. उरते ती हिरवट कच्ची कॉफी.

तपासून घे: चित्रावर आतापर्यंत चार फुल्या झाल्या पाहिजेत आणि फक्त पापुद्रा उरला पाहिजे. तीन झाल्या असतील तर बहुधा धुणं किंवा टरफल सुटलं आहे.

## ५. भाजणं: इथे बी स्वतः बदलतं

हा भाग सुरू करण्याच्या क्षणी दोन ग्लासांत गार पाणी घे. एकात भाजलेल्या अख्ख्या बिया टाक, दुसऱ्यात तितकीच भरड टाकून एकदा ढवळ. काही बोलू नकोस. त्यांचं काम पुढच्या पायरीला आहे, आणि रंग उतरायला तेवढा वेळ हवा.

कच्ची बी साधारण दहा-पंधरा मिनिटं सतत फिरत्या पिंपात भाजतात. पहिली काही मिनिटं बीतलं उरलेलं पाणी वाफ होऊन जात असतं. रंग हिरव्याचा पिवळा होतो, गवताचा वास जाऊन भाजक्या धान्याचा येतो. मग तपकिरी छटा येते. बीतल्या साखरा आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून कॉफीचा रंग आणि वासाची शेकडो द्रव्यं तयार होतात. तुला ओळखीचा असलेला कॉफीचा वास इथे जन्मतो. आधी तो बीमध्ये नव्हताच.

बीचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आत कोंडलेली वाफ आणि वायू बीला आतून फोडतात. मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. भाजणारे या पहिल्या तडतडीकडे कान लावून असतात, कारण हलक्या भाजणीची कॉफी यानंतर लगेच उतरवतात. पुढे भाजत राहिलं तर बी गडद होत जातं, आंबटपणा कमी होतो, कडूपणा वाढतो. उतरवल्या उतरवल्या गार हवेने ती थंड करावी लागते. नाहीतर बी स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहते.

शेवटची फुली पापुद्र्यावर मार. बी फुगताना तो सुटून भुश्शासारखा उडून जातो. सपाट बाजूच्या फटीत अडकलेला थोडासा राहतो. भाजलेली बी हातात घेऊन ती फटीतली फिकट रेघ मुलांना दाखव.

आता उरलेले दोन ग्लास घे, दोन्हींत पाणी. एकात कच्च्या बिया टाक: बुडतात. दुसऱ्यात भाजलेल्या टाक: तरंगतात. भाजताना बीचं वजन साधारण सातवा-सहावा हिस्सा घटतं आणि आकार मात्र वाढतो, म्हणजे त्याच बीमध्ये आता पोकळ्या आहेत.

> ‘बी हलकी झाली आणि मोठीही झाली. म्हणून ती तरंगते. या पोकळ्यांमुळेच ती ठिसूळ होते आणि दळता येते.’

सावधान: हा प्रयोग घरी त्याच बियांवर आधी करून बघ. ग्लासावर चिठ्ठ्या लाव, घाईत अदलाबदल होते.

## ६. दळणं आणि कप

आता मघाचे दोन ग्लास उचल. अख्ख्या बियांच्या ग्लासातलं पाणी जेमतेम पिवळसर झालेलं असेल. भरडीच्या ग्लासातलं चांगलं तपकिरी दिसेल. कॉफी तीच, पाणी तेच, फरक फक्त पृष्ठभागाचा. अख्ख्या बीला पाणी बाहेरूनच लागतं. दळली की आतल्या सगळ्या भिंती उघड्या पडतात.

यातूनच दळण्याचा नियम सांगता येतो. भरड जितकी बारीक, तितकी ती पाण्याला लवकर सगळं देते. फार बारीक दळून फार वेळ ठेवली तर कडू, तोंड कोरडं करणारी कॉफी होते. फार जाड दळून लवकर गाळली तर पाणचट आणि आंबट. दळल्यावर वासही झपाट्याने उडतो, म्हणून कॉफी करायच्या वेळेलाच दळलेली बरी.

कप करण्याचं एक ठोस माप दे: १५ ग्रॅम भरड, २५० मिलिलिटर पाणी. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबलेलं, म्हणजे ९२ ते ९६ अंशांचं. आधी भरड भिजेल इतकंच पाणी ओतून अर्धं मिनिट थांबतात. ताजी भाजलेली कॉफी असेल तर ती फुगते आणि बुडबुडे येतात, कारण भाजताना आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग उरलेलं पाणी सावकाश ओततात. तीन-चार मिनिटांत कॉफी गाळून खाली येते.

आता एका कपाचा हिशेब उलटा लाव, मुलं इथे कान टवकारतात. १५ ग्रॅम भाजलेल्या कॉफीसाठी साधारण १८ ग्रॅम कच्ची लागते. एक किलो कच्च्या कॉफीमागे पाच ते सहा किलो पिकलेली फळं लागतात, म्हणजे १८ ग्रॅमला सुमारे १०० ग्रॅम. ही झाली पन्नास-साठ फळं, शंभर-सव्वाशे बिया. घरी तराजूवर १५ ग्रॅम बिया मोजून घे आणि वर्गात तू स्वतः मोजलेलाच आकडा सांग. बियांच्या आकारानुसार तो थोडा पुढे-मागे होईल.

आणि त्या १५ ग्रॅममधलं कपात किती उतरतं? साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ३ ग्रॅम. बाकीचा चोथा गाळणीत राहतो आणि थोडं पाणीही धरून ठेवतो. कपात जवळपास २२० मिलिलिटर कॉफी येते, आणि तिच्यातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो.

> ‘शंभर बिया वापरल्या. त्यांतलं फक्त तीन ग्रॅम कपात आलं.’

तपासून घे: ‘कॉफी पाण्यात विरघळते’ असं कुठे लिहिलंयस का? बदल. कॉफीचा काही भाग विरघळतो आणि बाकीचा गाळला जातो.

## ७. तालीम

प्रत्येक कामासाठी एक चिठ्ठी कर: तोडणं, सोलणं, आंबवणं, धुणं, वाळवणं, टरफल फोडणं, भाजणं, दळणं, गाळणं. घरातल्या कोणालातरी त्या पिसायला सांग आणि तू क्रमाने लाव. लावताना प्रत्येक चिठ्ठीवर मोठ्याने सांग, बीवरून काय उतरलं. ‘वाळवणं’ला पाणी असं उत्तर येईल, आणि ते बरोबर आहे.

मग घड्याळ लावून उभ्याने बोल, प्रयोगासकट. बसून वाचलेल्या भाषणापेक्षा हातात ग्लास धरून केलेलं भाषण हमखास लांबतं. वेळ कमी पडला तर कात्री तिसऱ्या पायरीला लाव, चौथीला नाही.

## ८. प्रश्नांची तयारी

भाजलेली बी पेरली तर उगवेल का? नाही. भाजताना बीतला अंकुर मरतो. वाटीतली कच्ची बीसुद्धा बहुतेक उगवणार नाही, कारण ती वाळवून, टरफल काढून बरेच दिवस ठेवलेली असते आणि कॉफीच्या बीची उगवण्याची ताकद काही महिन्यांत घटत जाते.

एका फळात नेहमी दोनच बिया असतात का? नेहमी नाही. काही फळांत एकच बी वाढते. तिला टेकायला दुसरी नसल्यामुळे ती सपाट न राहता गोल होते. भाजलेल्या वाटीत शोधलीस तर एखादी सापडण्याची शक्यता चांगली आहे. सापडली तर वेगळ्या कागदात बांधून ने.

कॉफी कडू कॅफिनमुळे लागते का? थोडीशीच. कडूपणाचा मोठा भाग भाजताना तयार होणाऱ्या द्रव्यांचा असतो. कॅफिन काढून टाकलेली कॉफीही कडूच लागते.